सोयाबीनची चुंगडी, ७० टक्क्यांचा आकडा आणि वन टेल की टू टेल

मे महिन्यात माझी व्हायव्हा झाली आणि एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या रिसर्च प्रोजेक्टमधून मी एकदाची मोकळी झाले. आमच्याकडे वाशिम, यवतमाळ भागातल्या तालुक्याच्या कॉलेजात माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. बारावीनंतर गणित सुटलेलं, घरी शेती, आणि प्रोजेक्टमध्ये अचानक ‘हायपोथिसिस टेस्टिंग’ नावाचं प्रकरण समोर येतं. मला त्यातलं सगळ्यात अवघड वाटलं ते वन टेल आणि टू टेल. पुस्तकात घंटेच्या आकाराच्या दोन आकृत्या असतात, एकीची एका बाजूची शेपटी काळी केलेली आणि दुसरीच्या दोन्ही. त्यांतली आपली कोणती, हे आकृतीवरून कळत नाही. माझ्या एकाच प्रोजेक्टमध्ये दोन प्रश्न होते, त्यातल्या एकाला वन टेल लागली आणि दुसऱ्याला टू टेल. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

जुलै २०२४ मध्ये विषय ठरला. आमच्या गावात सोयाबीनचं घरचंच बियाणं राखून पेरणारे पुष्कळ आहेत. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार नाजूक असतं. मळणीत मार बसला, पोतं आपटलं, ओल राहिली की उगवण पडते, आणि मग जूनमध्ये दुबार पेरणीची पाळी येते. गाइड मॅडमना मी दोन प्रश्न सांगितले. पहिला आमच्या महिला बचत गटाचा होता. गटातल्या बाया बियाणं एकत्र करून ठेवणार होत्या, आणि ते बियाणं ७० टक्के उगवणीच्या खाली आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला उगवण कमीत कमी ७० टक्के लागते, आणि ७० च्या वर असलं तर एकरी ३० किलो पेरा, अशी शिफारस असते. दुसरा प्रश्न साठवणीचा. बियाणं नुसत्या तागाच्या चुंगडीत ठेवलेलं चांगलं, की आत प्लास्टिकची पन्नी घातलेल्या चुंगडीत?

सिनॉप्सिस लिहायला बसले तेव्हा मॅडमनी आधी शून्य परिकल्पना लिहायला लावली, म्हणजे आकडे विरोधात जात नाहीत तोवर खरं धरायचं ते विधान. त्यांचं म्हणणं असं की शून्य परिकल्पनेत नेहमी एक नेमका आकडा लागतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्या आकड्यावर उभा राहतो. गटाच्या बियाण्यासाठी तो आकडा होता ७०. चुंगड्यांसाठी तो होता शून्य, म्हणजे दोन्ही प्रकारच्या पोत्यांतल्या उगवणीतला सरासरी फरक शून्य. इथपर्यंत सोपं गेलं. पर्यायी परिकल्पना, म्हणजे शून्य परिकल्पना नाकारली तर जे मानायचं ते, लिहिताना मात्र त्या थांबल्या आणि एकच प्रश्न विचारला, ‘उत्तर उलट्या बाजूला आलं तर तू वेगळं काही करशील का?’

मी गटाच्या बियाण्याचा विचार केला. उगवण ७० च्या खाली निघाली तर एकरी बियाणं वाढवावं लागेल. ७० निघाली काय आणि ८५ निघाली काय, बाया ३० किलोच पेरणार. वरच्या बाजूला काहीही आलं तरी करायचं तेच. मग पर्यायी परिकल्पना ‘उगवण ७० पेक्षा कमी आहे’ अशी एकाच बाजूची. ही झाली वन टेल, आणि शेपूट डावीकडची.

चुंगड्यांचं तसं नव्हतं. मी गावात विचारत फिरले तेव्हा एक काका म्हणाले, “पन्नीत बियाण्याले घाम सुटते पोरी, दाणा काळा पडते.” त्यांच्याच शेजारचे म्हणाले, “तागाचं पोतं बाहेरची ओल पेते, पन्नीच बरी.” दोघांचंही खरं असू शकतं. बियाणं नीट वाळलेलं असेल तर पन्नी बाहेरची ओल अडवते. दाणा ओलसर असताना भरला तर तीच पन्नी आतली ओल कोंडते आणि बियाणं तापतं. पन्नी चांगली निघाली तर लोकांना ती वापरा म्हणून सांगायचं, वाईट निघाली तर वापरू नका म्हणून सांगायचं. दोन्ही बाजूंना काम बदलत होतं. म्हणून इथे पर्यायी परिकल्पना ‘फरक आहे’ एवढीच, बाजू न सांगता. ही टू टेल.

दोन्हींसाठी सार्थकता पातळी ०.०५ धरली. म्हणजे खरं तर काही फरक नसताना ‘फरक आहे’ असं म्हणून बसण्याचा धोका शंभरात पाच. वन टेलमध्ये हा पाच टक्क्यांचा सगळा धोका एकाच बाजूला ठेवतात. टू टेलमध्ये तो अडीच-अडीच असा दोन्हीकडे वाटतात. त्यामुळे टू टेलची हद्द, म्हणजे जी ओलांडली की शून्य परिकल्पना नाकारतात ती, लांब जाते, आणि ती ओलांडायला पुरावा जास्त लागतो. घंटेच्या त्या आकृतीत, म्हणजे सामान्य वितरणात, वन टेलची हद्द १.६४५ आणि टू टेलची १.९६. हे दोन आकडे माझ्या टेबलावर वर्षभर चिकटवलेले होते.

सिनॉप्सिसच्या पाच प्रती द्याव्या लागल्या. कमिटीची बैठक ऑगस्टच्या सुरुवातीला ठरली होती ती पुढे ढकलत महिनाअखेरीला झाली. मंजुरीचं पत्र हातात यायला सप्टेंबर उजाडला. एक सांगते, कमिटीसमोर जाणाऱ्या सिनॉप्सिसमध्ये दोन्ही परिकल्पना, कोणती चाचणी, किती टेल आणि सार्थकता पातळी, हे सगळं छापलेलं असू द्या. त्या पानावर तारखेसह सही-शिक्का पडतो. त्या पानाची किंमत मला मार्चमध्ये कळली.

दसऱ्याच्या पुढेमागे सोंगणी झाली. दहा शेतकरी तयार झाले. प्रत्येकाच्या एकाच ढिगातलं बियाणं दोन चुंगड्यांत भरलं, तीस-तीस किलो. कोणत्या चुंगडीत पन्नी घालायची ते नाणं उडवून ठरवलं, नाहीतर माणूस नकळत बरा दाणा एकीकडे टाकतो. दोन्ही चुंगड्या त्याच खोलीत, लाकडी पाटांवर, शेजारी शेजारी ठेवल्या. अशा जोडीचा फायदा असा की वाण, मळणी, जमीन, खोली, सगळं दोन्हीकडे सारखं. उरतो तो पोत्याचा फरक. एका शेतकऱ्याचं बियाणं मुळातच बरं आणि दुसऱ्याचं हलकं असलं तरी प्रत्येकाची तुलना त्याच्याच बियाण्याशी होते. संमतिपत्रावर सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. ते मराठीत करा, परिशिष्टात लावावे लागतात.

जर्मिनेशन पेपर अकोल्याहून मागवला होता, तो यायला तीन आठवडे लागले. पेपर, पन्नी आणि एसटीचं भाडं धरून माझे दोन हजारांच्या आसपास गेले.

उगवण चाचणी फेब्रुवारीच्या शेवटी घेतली. मुद्दामच, कारण मार्च मध्यानंतर आमच्याकडे ऊन चढतं आणि ओल्या पेपरात दाणे गुंडाळून केलेले रोल वाळतात. सासरच्या जुन्या मातीच्या घरात गारवा राहतो, तिथे रोल ठेवले. प्रत्येक चुंगडीच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घेतले, एकत्र केले, आणि न निवडता ४०० मोजले. शंभर-शंभरचे चार रोल. फुटका दाणा दिसला तरी बाजूला काढायचा नाही, हे स्वतःला सारखं बजावावं लागतं. हात आपोआप गोल, टपोऱ्या दाण्याकडे जातो. रोलवर नाव न लिहिता नणंदेने चिठ्ठीवर खुणेचे नंबर टाकले आणि यादी स्वतःजवळ ठेवली. मोजताना मला माहीतच नव्हतं की हातातला रोल पन्नीवाल्या पोत्याचा आहे की नुसत्या तागाचा.

आठव्या दिवशी रोल उघडले. इथे घाई करू नका. मोड आला म्हणजे बी उगवलं असं धरायचं नसतं. मूळ नीट, खोड नीट आणि दोन्ही दले धड असलेलं रोपच मोजायचं. काही रोपांचं मूळ आखूड राहून टोकाशी तपकिरी झालेलं होतं. काहींची दले अर्धी कुजलेली. ती ‘विकृत’ म्हणून वेगळी टाकली. शेवटच्या रोलपर्यंत डोळे दुखायला लागतात, म्हणून मी सकाळीच मोजत होते आणि दुपारी हात लावत नव्हते.

आधी गटाच्या बियाण्याचं सांगते. ४०० पैकी २६४ रोपं धड निघाली, म्हणजे ६६ टक्के. ७० पेक्षा कमी हे दिसतंच आहे. पण ४०० दाणे म्हणजे सगळं बियाणं नव्हे. खरी उगवण ७० असतानाही नशिबाने ६६ येऊ शकते का, आणि किती सहज, हेच चाचणी विचारते. शून्य परिकल्पना खरी मानली तर ४०० दाण्यांच्या नमुन्यात टक्केवारी किती डुलेल, ते प्रमाण त्रुटीवरून, म्हणजे SE वरून कळतं. आपला आकडा ७० पासून अशा किती त्रुटी लांब आहे, ते z सांगतो.

```
SE = √(0.70 × 0.30 / 400) = 0.0229
z  = (0.66 − 0.70) / 0.0229 = −1.75
```

ही −१.७५ ची किंमत −१.६४५ च्या पलीकडे आहे. शून्य परिकल्पना नाकारली. पी व्हॅल्यू साधारण ०.०४. अर्थ असा की खरी उगवण ७० टक्के असती, तर ६६ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास.

निष्कर्ष लिहिताना मी ‘शून्य परिकल्पना त्याज्य’ एवढंच लिहून थांबले नाही. मॅडमचा आग्रह होता की शेवटचं वाक्य ज्याचा प्रश्न होता त्याला समजलं पाहिजे. म्हणून ‘गटाच्या बियाण्याची उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी आहे असा ५ टक्के सार्थकता पातळीवर पुरावा मिळतो, त्यामुळे एकरी बियाणं वाढवावं’ असं लिहिलं.

याच ठिकाणी ४०० दाणे का, हेही सांगून टाकते. आपल्याकडे गोणपाटावर शंभर दाण्यांची चाचणी घेतात आणि घरच्या अंदाजासाठी ती चांगलीच आहे. पण शंभरात ६६ आले असते तर प्रमाण त्रुटी दुप्पट, ०.०४५८, झाली असती आणि z फक्त −०.८७ आला असता. टक्केवारी तीच, पण नाकारता आलं नसतं. शंभर दाण्यांत ६२ किंवा त्याहून कमी उगवले तरच ७० च्या खाली असं ठामपणे म्हणता येतं.

आता चुंगड्या. नणंदेकडून यादी घेतली, खुणा जुळवल्या आणि प्रत्येक शेतकऱ्याचा फरक काढला, पन्नीवाल्या पोत्याची उगवण वजा तागाच्या पोत्याची. दहा फरक असे आले, टक्क्यांत: ८, ६, −३, ५, ९, १, −४, ३, ७, −२. सात जणांकडे पन्नी बरी, तिघांकडे ताग बरा. सरासरी फरक ३ टक्के, पन्नीच्या बाजूने. फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत ते, ४.७६.

दहाच जोड्या असल्यामुळे इथे z चालत नाही, t लागतो. विल्यम गॉसेट नावाचा माणूस डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. मोजके नमुने हातात असताना काय करायचं हा त्याचाच रोजचा प्रश्न होता, आणि १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने यावर लेख लिहिला. नमुना लहान असला की विचलनाचा आपला अंदाजही डळमळीत असतो, म्हणून हद्द आणखी लांब न्यावी लागते. ती किती न्यायची ते स्वाधीनता मात्रेवर, म्हणजे इथे १० वजा १, ९ वर ठरतं. तक्त्यात ९ समोर टू टेलची हद्द २.२६२ आहे आणि वन टेलची १.८३३.

```
t = 3 / (4.76 / √10) = 3 / 1.506 = 1.99
```

१.९९. मी वही मिटून ठेवली आणि पुन्हा उघडली. १.८३३ च्या पलीकडे, २.२६२ च्या अलीकडे. टू टेलची पी व्हॅल्यू ०.०७७, वन टेलची ०.०३९. वर्षभराचं काम बरोबर या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात येऊन पडलं होतं. मन खट्टू झालं, हे लपवत नाही.

तालुक्याला ज्या कॉम्प्युटर सेंटरवर टायपिंग दिलं होतं तिथे प्रबंधाचं अॅनालिसिसही करून देतात, पंधराशे रुपये घेऊन. तिथल्या दादांनी माझी फाइल बघितली आणि सहज म्हणाले, “ताई, टू चा एक करून टाका. सिग्निफिकंट येते. सगळेच करतात.” एक्सेलमध्ये ते खरंच एवढं सोपं आहे.

```
=T.TEST(B2:B11, C2:C11, 2, 1)
```

यातला तिसरा आकडा म्हणजे टेल. २ काढून १ टाकला की पी व्हॅल्यू अर्धी होते. शेवटचा १ म्हणजे जोडीची चाचणी, त्याला हात लावायचा नसतो. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट, एक्सेल बाजू बघत नाही. तुमची परिकल्पना ‘पन्नी चांगली’ असेल आणि आकडे उलटे, तागाच्या बाजूने आले असतील, तरी १ टाकल्यावर तो तेवढीच लहान पी व्हॅल्यू देतो. म्हणून वन टेल वापरताना सरासरी फरकाचं चिन्ह आपल्या परिकल्पनेशी जुळतं का, हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. न जुळल्यास पी व्हॅल्यू किती का असेना, शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

मी दादांना नको म्हटलं, पण का नको हे मला नीट सांगता येईना. सरासरी फरक पन्नीच्याच बाजूने आला होता, मग ‘पन्नी चांगली’ अशी परिकल्पना लिहिली तर काय बिघडलं, असं माझ्याही मनात येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी एसटीने कॉलेजला गेले आणि संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरांना गाठलं.

सरांनी कागदावर घंटेसारखी आकृती काढली. म्हणाले, “समज, खरं तर पन्नीने काहीच फरक पडत नाही. असे प्रयोग शंभर जणांनी केले. पाच जणांचा t योगायोगाने उजवीकडे १.८३३ च्या पलीकडे जाईल आणि पाच जणांचा डावीकडे −१.८३३ च्या पलीकडे. उजवीकडचे पाच म्हणतील, आम्हाला पन्नी चांगली हेच तपासायचं होतं. डावीकडचे पाच म्हणतील, आम्हाला ताग चांगला हेच तपासायचं होतं. शंभरात खोटे दावे किती झाले?” दहा. कागदावर ०.०५ लिहिलेलं, आणि खरा धोका ०.१०. आकडे बघून बाजू निवडली की शेपटी एक दाखवली तरी वापरलेल्या दोन्ही असतात, आणि प्रत्येकीत पूर्ण पाच टक्के. हे मला तेव्हा लख्ख कळलं आणि मग १.९९ चं वाईट वाटणंही बरंच कमी झालं.

मग मी विचारलं की गटाच्या बियाण्याचा z सुद्धा −१.७५ आहे, तोही १.६४५ आणि १.९६ च्या मधलाच. तिथे टू टेल लावली असती तर पी व्हॅल्यू ०.०८ आली असती आणि नाकारता आलं नसतं. मग तिथली वन टेल कशी चालते? सरांनी सिनॉप्सिस मागितला. जुलैत लिहिलेलं आणि ऑगस्टच्या शिक्क्याचं ते पान काढून दिलं. ‘ही चालते, कारण एक दाणाही मोजायच्या आधी तू बाजू लिहिली आहेस, आणि वरची बाजू निघाल्यास तुमचं काम बदलणार नव्हतं,’ असं ते म्हणाले. त्या प्रश्नात वरची शेपटी आम्ही जुलैतच सोडून दिली होती. गटाची उगवण ९० टक्के निघाली असती तरी त्या चाचणीवरून ‘७० पेक्षा लक्षणीय जास्त’ असं वाक्य मला लिहिता आलं नसतं. वन टेलमध्ये हद्द जवळ येते ती याच बदल्यात.

चुंगड्यांच्या निष्कर्षाचं वाक्य जमायला मला वेळ लागला. टायपिंगवाल्यांनी जुन्या एका प्रबंधातून ‘शून्य परिकल्पना स्वीकारण्यात येते, म्हणजेच दोन्हींत फरक नाही’ असा साचा घालून दिला होता. तो काढायला लावला. फरक नाही असं दहा जोड्यांनी दाखवलेलंच नव्हतं, फरक आहे असं म्हणायला पुरावा पुरला नव्हता. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते विश्वास अंतरालावरून, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो त्या पट्ट्यावरून दिसतं. सरासरी ३, अधिक-उणे २.२६२ गुणिले १.५०६, म्हणजे −०.४ ते ६.४. खरा फरक शून्य असू शकतो, पन्नीच्या बाजूने सहा टक्केही असू शकतो, आणि सहा टक्के म्हणजे एकरी तीनेक किलो बियाणं. एवढी शक्यता उघडी असताना ‘फरक नाही’ लिहिणं शेतकऱ्यांना चुकीचं सांगणं झालं असतं. शेवटी वाक्य असं केलं: ‘५ टक्के सार्थकता पातळीवर शून्य परिकल्पना नाकारता आली नाही. सरासरी फरक पन्नीच्या बाजूने ३ टक्के असून ९५ टक्के विश्वास अंतराल −०.४ ते ६.४ आहे. निश्चित निष्कर्षासाठी जोड्यांची संख्या अपुरी आहे.’ खाली मर्यादा म्हणून हेही लिहिलं की चाचणी फेब्रुवारीतली आहे, आणि पेरणीपर्यंतचे साडेतीन महिने आणि पावसाळ्याच्या तोंडची दमट हवा यात आलेली नाही.

एप्रिलमध्ये सबमिशन. चार प्रती, प्रिंट आणि काळं बाइंडिंग धरून अडीच हजार. साहित्यचौर्य तपासणीच्या दाखल्यासाठी लायब्ररीत आठवडाभर थांबावं लागलं, तो आधी काढून ठेवा. प्रकरणांवर गाइडच्या सह्या पेनाने लागतात, स्कॅन चालत नाही.

व्हायव्हा मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. बाहेरच्या परीक्षकांनी निकालाचं प्रकरण उघडलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, एका प्रश्नाला वन टेल आणि दुसऱ्याला टू टेल का? मी सिनॉप्सिसचं पान परिशिष्टात लावलेलं दाखवलं आणि बियाण्याचं व चुंगड्यांचं वर लिहिलं तसंच सांगितलं. मग त्यांनी विचारलं, गटाच्या बियाण्यात २७० रोपं आली असती तर? २७० म्हणजे ६७.५ टक्के, z −१.०९, नाकारता येणार नाही. “मग उगवण ७० आहे असं म्हणाल?” नाही म्हणणार. ७० पेक्षा कमी असल्याचा पुरावा मिळाला नाही, एवढंच. उगवण ७० किंवा त्यावर आहे हे दाखवायचं असतं तर पर्यायी परिकल्पना उलट, ‘७० पेक्षा जास्त’ अशी मांडावी लागली असती, आणि सिद्ध करण्याचं ओझं बियाण्यावर गेलं असतं. कुठल्या चुकीचं नुकसान जास्त, त्यावर ती बाजू ठरवायची. ज्याला दुबार पेरणी परवडणारच नाही त्याने ही दुसरी मांडणी घ्यावी, असं मला तेव्हा बोलता बोलता सुचलं आणि परीक्षकांनी मान डोलावली.

शेवटी त्यांनी विचारलं की ३ टक्क्यांचा फरक खरंच असेल तर तो पकडायला किती जोड्या लागतील. हे मी सरांकडून करून घेतलं होतं. विचलन ४.७६ च राहिलं आणि असा फरक दहापैकी आठ वेळा तरी पकडला जावा असं म्हटलं, तर टू टेलला सुमारे २२ जोड्या. प्रोजेक्ट सुरू करतानाच हा हिशोब करा. कुणाकडे मागच्या वर्षाचे आकडे असले तर त्यावरून विचलनाचा अंदाज मिळतो.

गटाच्या बायांना मी जूनच्या सुरुवातीला सगळं सांगितलं. उगवण ७० च्या खाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो बियाणं वाढवायचं असतं, तेव्हा ६६ ला ३२ किलो. त्यांनी तसंच पेरलं. चुंगड्यांसाठी येत्या सोंगणीला बावीस शेतकरी हवेत, त्यातले पंधरा आतापर्यंत हो म्हणालेत. त्यांतल्या एका दादांनी विचारलं की औंदा तर पन्नीच बरी निघाली, मग आता ‘पन्नी चांगली’ असंच का नाही लिहायचं? आकडे नवीन असल्यामुळे नियमाने तसं लिहिता आलं असतं. पण या वेळी चाचणी पुढच्या जूनमध्ये घ्यायची आहे, आणि दमट हवेत पन्नीतलं बियाणं खरंच काळं पडलं तर तेही मला लोकांना सांगावं लागेल. म्हणून नव्या कागदावरही टू टेलच लिहिली आहे, खाली तारीख टाकून.